212 नंबरची स्लाइस: रिपोर्टातलं एक चित्र चुकलं त्याचं प्रकरण

रिपोर्ट गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहो, मजकुरात नोड्यूल खालच्या खंडात, पाठीमागे, प्लुराला लागून आहे असं लिहिलंय. चित्रात तर बाण हायलमजवळ आहे. यातलं खरं काय?"

नोड्यूल म्हणजे फुफ्फुसातली छोटी गाठ, प्लुरा म्हणजे फुफ्फुसावरचं आवरण, आणि हायलम म्हणजे जिथून वाहिन्या फुफ्फुसात शिरतात ती मधली जागा. मजकूर खरा होता. चित्र माझं होतं आणि ते चुकलं होतं.

मी रेडिओलॉजी विभागात इमेजिंगचं तांत्रिक काम बघतो. मॅडम सीटी वाचतात, रिपोर्ट सांगतात, आणि ज्या निष्कर्षाचं चित्र जोडायचं असेल त्याची सिरीज आणि इमेज नंबर सांगतात. तेवढ्यावरून स्कॅनरच्या मूळ डायकॉम फाइलींतून ती स्लाइस, म्हणजे शरीराचा तो एक काप, काढायची, योग्य विंडो, म्हणजे करड्या छटांत दाखवायच्या मूल्यांची पट्टी, लावायची, बाण काढायचा आणि रिपोर्टात बसवायची, एवढं काम माझी छोटीशी स्क्रिप्ट करते. वर्षभर ती बिनबोभाट चालली होती. रुग्णाची ओळख पटेल असं या लेखात काही ठेवलेलं नाही, पण आकडे त्या प्रकरणातले आहेत, कारण सगळी गंमत आकड्यांतच आहे.

काय सांगितलं होतं, काय निघालं

सहा महिन्यांपूर्वी सापडलेल्या एका घन नोड्यूलचा हा फेरतपासणीचा सीटी होता. फुफ्फुसाची पातळ सिरीज 1 मिमी जाडीची होती आणि दोन स्लाइसमधलं अंतर 0.8 मिमी, म्हणजे स्लाइस एकमेकींवर थोड्या चढलेल्या. एकूण स्लाइस 380. मॅडमनी सांगितलं होतं, "सिरीज 4, इमेज 212."

स्क्रिप्टनं सिरीजमधल्या फाइली Instance Number, म्हणजे फाइलीत लिहिलेल्या नंबराप्रमाणे लावल्या आणि 212 वी उचलली. संगणक मोजणी शून्यापासून करतो म्हणून एक वजा करायला हवा, हेही मी विसरलो नव्हतो. त्या एका स्लाइसच्या चुकीची, म्हणजे 0.8 मिलीमीटरची, मी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. प्रत्यक्षात चूक झाली 34.4 मिलीमीटरची.

कारण असं. स्कॅनरनं या सिरीजला पायाकडून डोक्याकडे नंबर दिले होते. सगळ्यात खालची स्लाइस 1, सगळ्यात वरची 380. मॅडमचा व्ह्यूअर मात्र फाइलीतला नंबर बघतच नाही. तो स्लाइसची शरीरातली जागा वाचतो आणि डोक्याकडून पायाकडे लावतो. कोपऱ्यात तो "212/380" दाखवतो, पण हा क्रम त्याचा स्वतःचा आहे, वरून मोजलेला. वरून 212 वी म्हणजे खालून 169 वी. मॅडमना हवी होती ती Instance Number 169. मी दिली 212. मधल्या 43 स्लाइस गुणिले 0.8 म्हणजे 34.4 मिमी, आणि तेही डोक्याच्या बाजूला.

शरीरातल्या जागेच्या भाषेत बोलायचं तर, z म्हणजे पायाकडून डोक्याकडे वाढणारे मिलीमीटर धरून, हवी असलेली स्लाइस z = -178.0 ला होती आणि मी दिलेली z = -143.6 ला. मॅडमच्या तोंडचा नंबर आणि माझ्या स्क्रिप्टमधला नंबर, दोन्ही 212. हीच ती गफलत.

आता कुणीही विचारेल की इतकी मोठी चूक चित्र बघताच कळली कशी नाही? कारण तिथेही एक गोल, पांढरा, सात-एक मिलीमीटरचा ठिपका होता. हायलमपासून निघालेली एक रक्तवाहिनी त्या पातळीवर जवळपास सरळ खाली जात होती. आडव्या कापात अशी वाहिनी नेमकी नोड्यूलसारखी दिसते. बाण मी हातानं लावला होता. "उजव्या बाजूला गोल काहीतरी" एवढंच शोधत होतो आणि ते मिळालं. शोधणाऱ्याला हवं ते सापडतं, आणि बाण लागला की बघणाऱ्यालाही तेच दिसतं. छातीच्या डॉक्टरांनी चित्राआधी मजकूर वाचला म्हणून निभावलं.

नंबर हा पत्ता नव्हे

पहिली दुरुस्ती सरळ होती. क्रम नंबरावरून लावायचा नाही, जागेवरून लावायचा. प्रत्येक सीटी स्लाइसच्या फाइलीत ImagePositionPatient असतं. त्यात स्लाइसच्या पहिल्या पिक्सेलच्या मध्याचे x, y, z मिलीमीटरमध्ये असतात. सोबत ImageOrientationPatient असतं, ते ओळी आणि स्तंभ शरीराच्या संदर्भात कोणत्या दिशेनं धावतात ते सांगतं. या दोन दिशांना काटकोनात असलेली दिशा काढायची आणि प्रत्येक स्लाइस त्या दिशेवर कुठे पडते ते मोजायचं.

```python
iop = np.array(ds[0].ImageOrientationPatient, float)
n = np.cross(iop[:3], iop[3:])
ds.sort(key=lambda s: n @ np.array(s.ImagePositionPatient, float))
```

नुसत्या z वरून लावलं तर चालणार नाही का? सरळ आडव्या सीटीला चालेल. पण तिरक्या घेतलेल्या एमआरआयला किंवा मणक्याच्या सॅजिटल, म्हणजे बाजूनं बघितल्यासारख्या कापांच्या, सिरीजला नाही चालणार. तिथे z प्रत्येक स्लाइसमध्ये जवळपास तोच असू शकतो. SliceLocation नावाचा एक सोपा दिसणारा आकडाही असतो, पण तो भरलेलाच असेल असा नियम नाही. तो कुठल्या बिंदूपासून मोजायचा हेही ठरलेलं नाही. मी त्याच्या वाटेला जात नाही.

क्रम लावला की लगोलग शेजारच्या स्लाइसमधली अंतरं तपासायची. या सिरीजमध्ये 379 अंतरं होती आणि सगळी 0.8. कुठे 1.6 निघालं तर मधली एक स्लाइस आलेलीच नाही. कुठे शून्य निघालं तर एकाच जागेच्या दोन प्रतिमा एका सिरीजमध्ये घुसल्या आहेत. बहुतेक वेळा त्या एकाच स्कॅनच्या दोन वेगळ्या पुनर्रचना असतात, एक तीक्ष्ण आणि एक मऊ. एखादी फाइल सगळ्यांहून वेगळ्या दिशेची निघाली तर ती बहुधा स्काउट, म्हणजे स्कॅन आखण्यासाठी आधी काढलेली प्रतिमा. या तीन गोष्टी बघायला सेकंदही लागत नाही, आणि "अमुक नंबरची" या शब्दांवरचा विश्वास किती पोकळ आहे ते लगेच कळतं.

दुसरी दुरुस्ती सांगण्याच्या पद्धतीत केली. मॅडम आता व्ह्यूअरमध्येच ती स्लाइस "की इमेज" म्हणून खुणावतात. या खुणेतून एक छोटी फाइल तयार होते आणि तिच्यात त्या स्लाइसचा SOPInstanceUID असतो. हा लांबलचक आकडा कुणी पाठ करणार नाही, पण एका स्लाइसला तो एकच असतो. व्ह्यूअर वरून मोजो की खालून, त्याला फरक पडत नाही. माझी स्क्रिप्ट आता नंबर घेतच नाही. नंबर दिला तर अडून बसते.

कोणती स्लाइस?

खरी अडचण इथून पुढे होती. जागा बरोबर सापडली तरी नोड्यूल काही एका स्लाइसमध्ये नसतो. सात मिलीमीटरचा नोड्यूल 0.8 च्या अंतरानं घेतलेल्या आठ-नऊ स्लाइसमध्ये दिसतो. मॅडमनी सांगितलेली स्लाइस खरं तर 169, म्हणजे त्या जिथे थांबल्या होत्या ती. मी खाली-वर सरकून बघितलं. 164 मध्ये फिकट धुकं, 165 पासून कडा स्पष्ट, 168 मध्ये सगळ्यात मोठा आकार, 172 मध्ये पुन्हा धुकं. मधली स्लाइस आणि सगळ्यात मोठी स्लाइस एक असेलच असं नाही. नोड्यूल चेंडूसारखा गोल क्वचितच असतो.

मॅडमचं मत असं की माप जिच्यावर घेतलं तीच स्लाइस चित्रात हवी. मला ते पूर्ण पटतं. मजकुरातला आकडा आणि चित्रातला ठिपका वेगवेगळ्या स्लाइसवरचे असतील तर वाचणारा ताडून बघू शकत नाही. माप घेण्याची रीत फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशींतली होती. लांब व्यास आणि त्याला काटकोनात आखूड व्यास एकाच प्रतिमेवर घ्यायचा, सरासरी काढायची आणि पूर्ण मिलीमीटरमध्ये सांगायची. 168 वर लांब 8.1, आखूड 6.2, सरासरी 7.15, म्हणून 7 मिमी. कोरोनल, म्हणजे समोरून बघितल्यासारख्या, किंवा सॅजिटल प्रतलात तो जास्त लांब दिसला असता तर माप त्या प्रतलात घ्यावं लागलं असतं आणि चित्रही त्याचंच द्यावं लागलं असतं. इथे तसं नव्हतं.

जुन्या स्लाइसचा सापळा

फेरतपासणीच्या रिपोर्टात दोन चित्रं शेजारीशेजारी लागतात, जुनं आणि नवं. जुन्या रिपोर्टात नोड्यूल 5 मिमी लिहिला होता. आताचा 7. फ्लाइशनरच्या 2017 च्या शिफारशींप्रमाणे सरासरी व्यासात निदान 2 मिमी फरक पडल्याशिवाय वाढ म्हणायची नाही. इथे नेमके दोन होते. म्हणजे चित्रं शेजारी ठेवली असती तर नोड्यूल वाढला, असा अर्थ निघाला असता.

मी जुनी स्लाइस शोधायला गेलो. z चा काही उपयोग नव्हता. दोन वेगळ्या दिवशी रुग्ण टेबलावर वेगळ्या जागी झोपतो, शून्य वेगळ्या जागी असतो, मोजमापाच्या चौकटीची ओळख सांगणारा FrameOfReferenceUID वेगळा असतो. शिवाय तळाकडचं फुफ्फुस श्वासाबरोबर बरंच सरकतं. म्हणून शेजारच्या खुणा धरून जावं लागतं. आमच्या नोड्यूलच्या आतल्या बाजूला एक वाहिनी इंग्रजी Y सारखी फुटत होती. जुन्या स्कॅनमध्ये तोच फाटा गाठला आणि त्याच्या शेजारी तो सापडला.

तो सापडला पण 5 मिमी जाडीच्या सिरीजमध्ये, आणि तीही मऊ ऊतींच्या विंडोमध्ये बघितलेली. मापाची रेघ अजून तिथेच होती.

इथे थोडं थांबतो, कारण आकडा का खोटा ठरला ते इथे दिसतं. नोड्यूल दोन जाड स्लाइसच्या सीमेवर पडला होता. म्हणजे बराचसा एका स्लाइसमध्ये, उरलेला दुसरीत. पाच मिलीमीटरच्या जाडीत जिथे निम्मं नोड्यूल आणि निम्मी हवेनं भरलेली फुफ्फुसाची जागा असेल, तिथे यंत्र दोन्हींची सरासरी दाखवतं. हाउन्सफील्ड या सीटीतल्या घनतेच्या एककात फुफ्फुस -850 च्या आसपास, नोड्यूल +30 च्या आसपास, सरासरी -410. मऊ ऊतींची विंडो आम्ही मध्य 40, रुंदी 400 अशी लावतो. त्यात -160 च्या खालचं सगळं ठार काळं. म्हणजे -410 ची कड नाहीशीच झाली, आणि नोड्यूलचा उरला तो गाभा. तो पाच मिलीमीटरचा भरला. हीच जाड स्लाइस फुफ्फुसाच्या विंडोमध्ये, मध्य -600 आणि रुंदी 1500 लावून, बघितली तर कड करड्या रंगात परत आली.

जुन्या तपासणीतली पातळ सिरीज अर्काइव्हमध्ये शिल्लक होती. 1.25 मिमीची. तिच्यात फुफ्फुसाच्या विंडोवर मॅडमनी पुन्हा मापलं. लांब 7.7, आखूड 6.1, सरासरी 6.9, म्हणजे 7 मिमी. तेव्हा सात, आताही सात. वाढ नाही.

ती पातळ सिरीज जागा वाचवायला काढून टाकलेली असती तर? तर मग नव्या स्कॅनमधूनच 5 मिमी जाडीची पुनर्रचना करून जाडीला जाड ताडायचं, विंडो एक ठेवायची, आणि रिपोर्टात तसं स्पष्ट लिहायचं. तरी सीमेवर पडण्याचा प्रश्न राहतोच, कारण नव्या जाड स्लाइसची सीमा कुठे पडेल ते वेगळंच असतं. तेव्हा मॅडम "वाढ झाल्याचं सांगता येत नाही" असं लिहितात आणि गप्प बसतात. मला तेच प्रामाणिक वाटतं.

एक स्लाइस पुरत नाही तेव्हा

हायलमजवळच्या वाहिनीनं आम्हाला फसवलं होतं, त्यामुळे मॅडम म्हणाल्या, "नुसती एक स्लाइस देऊ नका. तो नळी नाही हे चित्रातच दिसू द्या." एका आडव्या स्लाइसमध्ये नोड्यूल आणि उभी वाहिनी सारखीच दिसतात. फरक कळतो तो खाली-वर सरकल्यावर. वाहिनी पुढच्या स्लाइसमध्येही असते, जरा बाजूला सरकते, तिला फाटे फुटतात. नोड्यूल संपतो. छापलेल्या पानावर सरकता येत नाही, म्हणून छोटा घनभाग कापून त्याची दोन-तीन दृश्यं द्यावी लागतात.

नोड्यूलभोवती 30 मिमी बाजूचा घन घ्यायचा ठरवलं. पिक्सेल 0.7 मिमीचे, म्हणजे आडव्या प्रतलात दोन्ही बाजूंनी 43 पिक्सेल. खाली-वर 0.8 चं अंतर, म्हणजे 38 स्लाइस. 43 आणि 38 या दोन आकड्यांतला फरक विसरला की कोरोनल चित्र दबलेलं येतं. इथे ते थोडंच दबलं असतं. पण 5 मिमीच्या सिरीजमधून असाच घन काढला असता तर उंचीत फक्त सहा स्लाइस मिळाल्या असत्या, आणि अंतर न सांगता दाखवल्यास नोड्यूलची चकती झाली असती. म्हणून मिलीमीटरमध्ये विचार करायचा आणि पिक्सेल शेवटी काढायचे.

जागेवरून पिक्सेल काढणं म्हणजे एक वजाबाकी आणि एक भागाकार. नोड्यूलचा मध्य x = -92.0 ला होता आणि पहिल्या स्तंभाचा मध्य -178.9 ला. फरक 86.9, भागिले 0.7, म्हणजे शून्यापासून मोजून 124 वा स्तंभ. 512 स्तंभांच्या चित्रात हा डाव्या हाताला पडतो, आणि सीटीत रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते, म्हणून बरोबर. हा एवढा ताळा मी आता दर वेळी कागदावर करतो.

का, तर पहिल्या प्रयत्नात माझा घन डाव्या फुफ्फुसात पडला. डायकॉममध्ये x रुग्णाच्या डावीकडे वाढतो. निफ्टी या दुसऱ्या फाइल प्रकारात तो उजवीकडे वाढतो. मी सिरीज निफ्टीत बदलून घेतली आणि x मात्र डायकॉममधून जसाच्या तसा उचलला. -92 चं तिथे +92 व्हायला हवं होतं. घनात फक्त हवा निघाली आणि चूक लगेच पकडली गेली.

पण याच जातीची दुसरी चूक पकडता येत नाही. घन बरोबर जागेवरून कापला आणि दाखवताना आरशातल्यासारखा उलटला, तर? 30 मिमीच्या तुकड्यात हृदय नाही, यकृत नाही, मणका नाही. उलटलेला नोड्यूल बघून कुणालाही शंका येणार नाही. म्हणून आता तुकड्याच्या कोपऱ्यात पूर्ण स्लाइसचं छोटं चित्र असतं, त्यावर तुकड्याची चौकट आणि उजव्या बाजूला R. ते चित्र आणि तुकडा एकाच ॲरेमधून निघतात, वेगवेगळ्या वाटेनं नाही. नाहीतर एक उलटेल आणि दुसरं सुलटं राहील.

शेवटी रिपोर्टात तीन चौकटी लागल्या. मापाची आडवी स्लाइस, त्याच जागेचं कोरोनल दृश्य, आणि घनातल्या मधल्या 8 मिमी जाडीचं कमाल तीव्रतेचं प्रक्षेपण, ज्याला सगळे मिप म्हणतात. मिपमध्ये त्या जाडीतला सगळ्यात तेजस्वी पिक्सेल दिसतो, त्यामुळे वाहिन्या फांद्यांसारख्या लांब दिसतात आणि नोड्यूल एकटा गोळा राहतो. आमच्या चित्रात Y चा फाटा आतल्या बाजूनं निघून गेला आणि गोळा प्लुराजवळ वेगळा राहिला. मिपवर माप मात्र घ्यायचं नाही, कारण शेजारची वाहिनी त्याला चिकटली तर कड कुठे संपते ते कळत नाही. जाडी आणखी वाढवली तर फांद्यांच्या गर्दीत गोळाच हरवतो. 15 मिमीला तो मला नीट वेगळा काढता येत नव्हता.

पुरवणी

मूळ रिपोर्ट गुपचूप बदलला नाही. पुरवणी निघाली. तिच्यात आधीचं चित्र चुकीच्या पातळीचं होतं आणि मजकुरातला निष्कर्ष तोच आहे हे लिहिलं. मापाची स्लाइस 168 असल्याचं आणि जुनं माप पातळ सिरीजवर पुन्हा घेतल्याचंही त्यातच आलं. चित्राखाली आता सिरीज, SOPInstanceUID, मिलीमीटरमधली जागा, जाडी आणि विंडो एवढं असतं. पहिल्यांदा मॅडमना ते फार वाटलं होतं. "ही काय किराणा यादी?" त्या म्हणाल्या. मी बारीक अक्षरात केली, मग चालली.

एक अडचण उरली आहे. दुसऱ्या ठिकाणी पाठवण्यासाठी सिरीज निनावी करताना बरीच सॉफ्टवेअर UID नवे देतात, आणि मग आमचा पत्ता तिथे लागत नाही. तिथे x, y, z कामी येतात, कारण ते सहसा तसेच राहतात. आणि ज्या स्कॅनवरून माप दिलं त्याची पातळ सिरीज अर्काइव्हच्या साफसफाईत जाऊ नये म्हणून तिच्यावर हातानं खूण करावी लागते. या रुग्णाच्या दोन्ही सिरीजवर ती मी त्याच दिवशी केली.